स्टेल्थ विमानाचा आकार आणि रडार-शोषक लेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेल्थ विमानांबद्दल विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो: विमानाला एक खास काळा रंग लावलेला असतो आणि तो रडारचे तरंग पिऊन टाकतो. लेप असतो हे खरं, पण खरं काम विमानाचा आकार करतो. लेपाच्या वाट्याला आकारातून सुटलेलं काम येतं. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून खाली धातूचा एक साधा पत्रा घेऊन गणित करून दाखवलं आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत तोच पत्रा परत येईल, तेव्हा शक्यतो क्रमाने वाचा.

रडारला विमान दिसतं म्हणजे नेमकं काय होतं?

रडार रेडिओ तरंगांचा झोत सोडतं. तो विमानावर आदळून सगळीकडे विखुरतो आणि त्यातला अगदी थोडा भाग रडारकडे परत येतो. हा परतलेला प्रतिध्वनी आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ठळक असेल तर पडद्यावर ठिपका उमटतो, नाहीतर उमटत नाही. विमानाने झोताची किती ऊर्जा अडवली याला रडारच्या लेखी महत्त्व नाही. आलेल्या दिशेनेच किती परत पाठवली, एवढंच त्याला कळतं. स्टेल्थचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

विमान रडारला किती मोठं दिसतं हे चौरस मीटरमध्ये मोजतात. या मापाला रडार क्रॉस-सेक्शन किंवा थोडक्यात आरसीएस म्हणतात. हे विमानाचं खरं क्षेत्रफळ नव्हे. ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी विखुरणारी एखादी वस्तू तेवढाच प्रतिध्वनी देत असेल, तर तिने किती क्षेत्रफळाची ऊर्जा अडवली असती, असा तो हिशेब आहे. त्यामुळे प्रचंड विमानाचा आरसीएस इवलासा असू शकतो आणि छोट्या पत्र्याचा अवाढव्य.

आरसीएस शंभरपट कमी केला तर विमान शंभरपट जवळ येईपर्यंत दिसणार नाही का?

नाही. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. रडारपासून विमानापर्यंत जाताना झोत पसरतो, म्हणून त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. परत येताना प्रतिध्वनीही तसाच पसरतो आणि पुन्हा वर्गाने घटतो. दोन्ही मिळून अंतराचा चौथा घात होतो. उलट बाजूने पाहिलं, तर दिसण्याचं अंतर आरसीएसच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतं.

समजा, एका रडारला १ चौरस मीटर आरसीएसचं विमान २०० किलोमीटरवर दिसतं. आरसीएस दहापट कमी केला तर ते ११२ किलोमीटरवर दिसेल आणि शंभरपट कमी केला तर ६३ किलोमीटरवर. हजारपट केला तर ३६ आणि दहा हजारपट केला तर २० किलोमीटर.

म्हणजे आरसीएस निम्मा करून हाती जवळजवळ काहीच लागत नाही. उपयोग व्हायचा तर हजारो पटींचा फरक लागतो. पण तो साधला तर त्याचा अर्थ फार मोठा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारं विमान २०० किलोमीटरवर दिसलं तर बचाव करणाऱ्यांच्या हातात सुमारे सव्वातेरा मिनिटं असतात. २० किलोमीटरवर दिसलं तर ८० सेकंद. शिवाय शेजारशेजारच्या रडारची एकमेकांत मिसळलेली वर्तुळं आकसून मधे मोकळ्या वाटा तयार होतात. मोहीम आखणारे याच वाटा शोधत असतात.

आकाराने एवढा फरक पडतो? पत्र्याचं गणित दाखवा.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा धातूचा सपाट पत्रा घ्या. लढाऊ विमानांतली आणि क्षेपणास्त्रांना मार्ग दाखवणारी बरीच रडारं ज्या १० गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तिथे तरंगलांबी ३ सेंटीमीटर असते. पत्रा रडारच्या अगदी समोर, काटकोनात धरला तर त्याचा आरसीएस σ या सूत्राने मिळतो, ज्यात A म्हणजे पत्र्याचं क्षेत्रफळ आणि λ म्हणजे तरंगलांबी:

σ = 4πA²/λ²

आकडे घातले की उत्तर येतं सुमारे १४,००० चौरस मीटर. पत्रा एक चौरस मीटरचा, आणि रडारला तो चौदा हजारांचा दिसतो, कारण सगळी ऊर्जा एका बारीक शलाकेत एकवटून थेट मागे जाते.

आता पत्रा ३० अंशांनी मागे कलवा. मुख्य शलाका वर आकाशात निघून जाते. रडारच्या दिशेला उरतात त्या फक्त तिच्या बाजूच्या फिकट उपशलाका. त्यांचा हिशेब केला तर आरसीएस १ चौरस मीटरच्या आसपास येतो. कुठलाही लेप न लावता, नुसतं कलवून चौदा हजारपट घट.

अजून एक पाऊल पुढे जाऊ. पत्रा कलवला तेव्हा त्याची खालची-वरची कड अजूनही रडारच्या दृष्टिरेषेला काटकोनात होती. आता कल तेवढाच ठेवून पत्रा त्याच्याच प्रतलात ४५ अंश फिरवा, म्हणजे एक कोपरा पुढे येईल आणि चारही कडा तिरक्या होतील. उपशलाकांचा तसाच हिशेब केला तर आरसीएस ०.०००४ चौरस मीटरच्या खाली जातो. स्टेल्थ विमानांचे पंख एवढे मागे झुकलेले का असतात, एफ-११७ या अमेरिकी स्टेल्थ विमानाच्या पंखाची पुढची कड सुमारे ६७ अंश मागे का कलली आहे, याचं उत्तर या फिरवण्यात आहे.

याच पत्र्याला समोरासमोर ठेवून ९९ टक्के ऊर्जा शोषणारा उत्तम लेप लावला असता तर? १४,००० चे १४० झाले असते, म्हणजे पत्रा तरीही रडारवर झळकत राहिला असता. आधी आकार, मग लेप, हा क्रम यातूनच ठरला.

मग हे आधीच कोणी का केलं नाही?

कारण वरच्या शेवटच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. सपाट पृष्ठभागाचा प्रतिध्वनी एवढा खाली गेला की वेगळीच गोष्ट वर येते: कडांवरून होणारं विवर्तन. तरंग पत्र्याच्या धारेवर आदळला की ती धार स्वतःच तरंग विखुरते आणि त्यातला काही भाग रडारकडे येतो. साध्या सूत्रात हा भाग नीट येत नाही. तो मोजता येत नसेल तर विमान खरंच किती लपलं आहे हे कागदावर कळू शकत नाही.

ही गाठ सोडवली सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी. कडांवरच्या तरंगांची त्यांची पद्धत १९६२ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाली. १९७१ मध्ये अमेरिकी हवाई दलाने तिचा इंग्रजी अनुवाद करून घेतला. १९७५ च्या सुमारास लॉकहीड या विमान कंपनीच्या स्कंक वर्क्स विभागातल्या डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या वाचनात ती आली. विमानाचा पृष्ठभाग सपाट तुकड्यांचा बनवला, तर प्रत्येक तुकड्याचा आणि प्रत्येक कडेचा प्रतिध्वनी मोजून बेरीज करता येईल, हे त्यांनी ओळखलं. त्या बेरजेसाठी लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव ‘एको’.

त्या गणितातून हॅव ब्लू हे प्रायोगिक विमान जन्माला आलं. त्याचं पहिलं उड्डाण १ डिसेंबर १९७७ चं. त्यापुढचं एफ-११७ पहिल्यांदा उडालं १८ जून १९८१ ला.

एफ-११७ पैलूदार आणि बी-२ गुळगुळीत, असं का? पैलू जास्त चांगले का?

पैलू जास्त चांगले म्हणून निवडले नव्हते. तेव्हाच्या संगणकांना वक्र पृष्ठभागाचा हिशेब झेपत नव्हता, म्हणून निवडले. उडण्याच्या दृष्टीने तो आकार फार वाईट होता. संगणक सतत पंखांचे हलते भाग हलवत राहिला नाही तर एफ-११७ हवेत स्थिर राहूच शकत नव्हतं.

पुढे संगणक वाढले आणि नॉर्थ्रॉप या कंपनीने वक्रतेचा मार्ग नीट वापरला. १७ जुलै १९८९ ला पहिल्यांदा उडालेल्या बी-२ या बॉम्बफेकी विमानात वक्रता सतत हळूहळू बदलत जाते, कुठे अचानक मोडत नाही. त्यामुळे पृष्ठभागावरून सरकणाऱ्या तरंगाला विखुरायला जागा मिळत नाही.

या दोन्ही विमानांत एक गोष्ट मात्र सारखी आहे आणि नंतरच्या सगळ्या स्टेल्थ विमानांतही ती दिसते. कडा मोजक्याच दिशांना समांतर ठेवलेल्या असतात. बी-२ वरून पाहा: मागची करवतीसारखी कड ज्या रेषांनी बनली आहे त्या सगळ्या पुढच्या दोन कडांपैकी एकीला समांतर आहेत. प्रत्येक कड आपल्या काटकोनाच्या दिशेला एक टोकदार प्रतिध्वनी देणारच, तो पुसता येत नाही. मग सगळ्या कडांचे ते टोकदार प्रतिध्वनी एकाच दोन-चार दिशांना गोळा करायचे, आणि त्या दिशा विमानाच्या नाकापासून दूर ठेवायच्या. वळताना एखादी शलाका रडारवरून सरकली तरी ती क्षणभरच झळकते आणि रडारला माग जोडता येत नाही.

चाकांच्या आणि शस्त्रकप्प्याच्या दारांच्या कडा दातेरी असतात तेही याचसाठी. सरळ आडवी फट समोरच्या रडारकडे थेट प्रतिध्वनी देईल. दाते पंखाच्या कडांना समांतर कापले की फटीचा प्रतिध्वनीही त्याच ठरलेल्या दिशांना जातो.

साध्या लढाऊ विमानात सर्वांत जास्त काय झळकतं?

समोरून पाहिलं तर तीन ठिकाणं: इंजिनाकडे हवा नेणारी तोंडं, कॉकपिट आणि नाकातलं स्वतःचं रडार. बाजूने पाहिलं तर उभ्या शेपटीचा आणि आडव्या पंखाचा काटकोन.

काटकोनाचा स्वभाव असा की त्यात आलेला तरंग दोन भिंतींवर आपटून आलेल्या दिशेनेच परत जातो, मग तो त्या प्रतलात कुठल्याही कोनातून येवो. तीन भिंतींचा कोपरा त्याहून वाईट. ३० सेंटीमीटर बाजूच्या तीन चौरस पत्र्यांचा कोपरा ३ सेंटीमीटर तरंगलांबीला तब्बल ३४० चौरस मीटरच्या आसपास दिसतो, आणि पत्र्यासारखा एका बारीक दिशेत नव्हे, तर बऱ्याच मोठ्या कोनातून. म्हणून स्टेल्थ विमानांच्या शेपट्या तिरक्या असतात किंवा बी-२ सारख्या विमानात नसतातच. आणि म्हणूनच बॉम्ब-क्षेपणास्त्रं पोटात ठेवतात. पंखाखाली एक खांब आणि त्याला एक क्षेपणास्त्र लटकवलं की नको तेवढे कोपरे तयार होतात.

कॉकपिटमध्येही तोच त्रास: खुर्ची, पॅनेल आणि वैमानिकाचं शिरस्त्राण. काचेतून तरंग आत गेला की बाहेर काय येईल सांगता येत नाही. त्यामुळे काचेवर विजेच्या वाहकाचा अतिशय पातळ थर चढवतात. एफ-११७ च्या काचांवर सोन्याचा होता. प्रकाश आत येतो, पण रडारला काच धातूच्या पत्र्यासारखी भासते आणि ती विमानाच्या आकाराप्रमाणे तरंग भलतीकडे पाठवते.

नाकातल्या रडारची अँटेना सपाट असते, म्हणजे आपला तो पत्राच. ती वरच्या बाजूला कलवून बसवतात.

हवेच्या तोंडातून इंजिन दिसतं, त्याचं काय करतात?

इथे आकार आणि लेप एकत्र काम करतात, आणि मला यातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. सरळ नळीतून आत गेलेला तरंग इंजिनाच्या पुढच्या फिरत्या पात्यांवर आदळून जोरात परत येतो. शिवाय पात्यांच्या फिरण्याची छाप त्या प्रतिध्वनीवर उमटते, आणि त्यावरून कोणतं इंजिन आहे हेही ओळखता येऊ शकतं.

एफ-११७ ने उपाय केला तो जाळीचा. तोंडावर सुमारे दीड सेंटीमीटर भोकांची जाळी बसवली. भोक अर्ध्या तरंगलांबीपेक्षा मोठं नसेल तर तरंग आत शिरू शकत नाही, आणि १० गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी बरोबर दीड सेंटीमीटर. जाळी तिरकी, त्यामुळे तरंग बाजूला निघून जातो. पण इंजिनाला हवा कमी पडते आणि जाळीवर बर्फ साचतो.

नंतरच्या विमानांनी नळीच वाकवली. बाहेरून इंजिन दिसतच नाही, त्यामुळे तरंगाला नळीच्या भिंतींवर आपटत आपटत आत जावं लागतं आणि तसंच बाहेर यावं लागतं. भिंतींना शोषक थर असतो. समजा, एका धडकेत तो ९० टक्के ऊर्जा खातो. पंखावर लावला असता तर घट दहापटच झाली असती. नळीत चार धडका झाल्या तर उरतो दहा हजारावा भाग. साधारण दर्जाचा लेपही वाकड्या नळीत असामान्य काम करून जातो.

रडार-शोषक लेप ऊर्जा शोषतो म्हणजे करतो काय?

त्याचं उष्णतेत रूपांतर करतो. पण कसं, हे समजून घ्यायला जुनी आणि सोपी रचना बघू: सॅलिसबरी पडदा. धातूसमोर ठरावीक अंतरावर विजेला रोध करणारा एक पातळ पडदा असतो, एवढंच.

धातूच्या अगदी पृष्ठभागावर तरंगाचं विद्युतक्षेत्र शून्य असतं, कारण धातू ते टिकू देत नाही. तिथून पाव तरंगलांबी पुढे आलं की ते सर्वांत जास्त असतं. पडदा नेमका तिथे ठेवला आणि त्याचा रोध ३७७ ओहम प्रति चौरस, म्हणजे मोकळ्या अवकाशाच्या विद्युतबाधेइतका ठेवला, की येणाऱ्या तरंगाला पुढे काही अडथळा आहे असं जाणवतच नाही. तो पडद्यात शिरतो आणि सगळा तिथेच संपतो.

१० गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेसात मिलीमीटर. आता तोच पडदा २० गिगाहर्ट्झच्या रडारसमोर ठेवा. तिथे साडेसात मिलीमीटर म्हणजे अर्धी तरंगलांबी, आणि अर्ध्या तरंगलांबीवर विद्युतक्षेत्र पुन्हा शून्य असतं. पडद्याला खायला काही उरत नाही, धातू पूर्वीसारखाच चमकतो. लेपांची सर्वांत मोठी मर्यादा ती हीच: ज्या तरंगलांबीसाठी बनवला, तिच्या आसपासच तो कामाचा. पट्टा रुंद करायचा तर एकामागे एक असे अनेक थर लावावे लागतात आणि जाडी वाढते.

विमानावर साडेसात मिलीमीटरचा पोकळ पडदा कसा बसवणार?

पृष्ठभागावर तो बसत नाही, म्हणून चुंबकीय लेप आले. धातूजवळ विद्युतक्षेत्र शून्य असलं तरी चुंबकीय क्षेत्र तिथेच सर्वांत जास्त असतं. मग विद्युतक्षेत्र खाणारा पदार्थ दूर ठेवण्यापेक्षा चुंबकीय क्षेत्र खाणारा पदार्थ थेट धातूलाच चिकटवावा. लोखंडाची अतिसूक्ष्म गोल भुकटी रबरात किंवा पॉलियुरेथेनमध्ये कालवून केलेला लेप हे काम करतो. कार्बोनिल आयर्न नावाची भुकटी यासाठी प्रसिद्ध आहे. अशा पदार्थात शिरल्यावर तरंगाची लांबीही आखडते, त्यामुळे एक-दोन मिलीमीटर जाडीत काम भागतं.

किंमत मोजावी लागते ती वजनात. लोखंड ठासून भरलेल्या लेपाची घनता पाण्याच्या चार-पाचपट धरली, तर एक मिलीमीटर जाडीला दर चौरस मीटरला चार-पाच किलो. शेकडो चौरस मीटरच्या विमानाला सगळीकडे असा थर दिला तर एक-दोन टन वजन वाढेल. त्यामुळे लेप कुठे लावायचा हे फार विचारपूर्वक ठरवतात: कडा, तोंडाचे ओठ, नळीच्या भिंती, फटी. पंखांच्या कडांना तर नुसता लेप नसतो. तिथे आत खोलवर शोषक पाचर असते, जिचा रोध बाहेरून आत हळूहळू बदलत जातो. कडेत जागा असते, म्हणून तिथे जाडी परवडते.

शोषलेल्या ऊर्जेने विमान तापत नाही का?

नाही. सरासरी १० किलोवॉट शक्तीचं आणि झोत तीन हजारपट एकवटणारं रडार घ्या. ५० किलोमीटरवर त्याची ऊर्जा दर चौरस मीटरला साधारण एक मिलिवॉट भरते. भर उन्हात सूर्य तेवढ्याच जागेवर जवळपास हजार वॉट टाकतो. लेपाला त्रास होतो तो उन्हाचा, इंजिनाचा आणि हवेच्या घर्षणाचा.

लेप खराब झाला हे कसं कळतं? देखभाल एवढी अवघड का?

लेपाचं सलग असणं फार महत्त्वाचं आहे. पृष्ठभागावरून सरकत जाणाऱ्या तरंगाला वाटेत फट, पायरी किंवा वाहकता बदललेली जागा लागली की तिथून तो विखुरतो. स्कंक वर्क्सचे प्रमुख बेन रिच यांनी हॅव ब्लूच्या चाचणीतली एक घटना लिहून ठेवली आहे. विमान रडारवर अचानक ठळक दिसू लागलं. शोधलं तेव्हा तीन स्क्रू पूर्ण पिळलेले नव्हते, त्यांची डोकी पृष्ठभागावर तीन मिलीमीटरहूनही कमी वर आली होती. तेवढ्याने सगळी मेहनत वाया गेली होती.

म्हणूनच झाकणं उघडली की देखभाल महागते. झाकणाच्या फटीवर वाहक पट्टी किंवा पुट्टी भरून ती वाळेपर्यंत थांबावं लागतं, मग वरून शोषक थर द्यावा लागतो. बी-२ च्या सुरुवातीच्या वर्षांत या कामात फार वेळ जायचा आणि त्या विमानाला तापमान व आर्द्रता राखलेला हँगर लागायचा. नंतर वारंवार उघडाव्या लागणाऱ्या झाकणांच्या फटींवर पट्टीऐवजी यंत्रमानवाने फवारलेला चुंबकीय पदार्थ आला आणि काम हलकं झालं. एफ-३५ या नंतरच्या लढाऊ विमानात शोषक थर बाहेरून फासण्याऐवजी बऱ्याच अंशी कवचातच घातला आहे.

तरी उष्णता सुटली नाही. २०१९ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, एफ-३५ च्या बी आणि सी या प्रकारांत फार उंचीवर बराच वेळ ध्वनीपेक्षा वेगाने उडाल्यास शेपटीच्या भागातला थर खराब होण्याचा धोका होता. त्यामुळे त्या वेगाच्या कालावधीवर मर्यादा घातली गेली.

खराबी डोळ्यांनी नेहमी दिसत नाही. हँगरमध्ये छोट्या रडारने विमानाची प्रतिमा काढतात आणि तीत कुठे नवा ठिपका चमकतो ते पाहतात. नव्या आकाराची चाचणी करताना मोठी प्रतिकृती खांबावर उलटी ठेवून मोकळ्या मैदानात मोजतात. १९७० च्या दशकातल्या अशा मोजणीत प्रतिकृतीपेक्षा खांबच जास्त झळकत असल्याचं लक्षात आलं आणि आधी खांबासाठी नवा आकार शोधावा लागला.

मग जुन्या, लांब तरंगलांबीच्या रडारला स्टेल्थ विमानं दिसतात हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. आपला पत्रा परत आणू. या वेळी १५० मेगाहर्ट्झचं रडार, तरंगलांबी २ मीटर. समोरासमोर धरलेल्या पत्र्याचा आरसीएस येतो सुमारे ३ चौरस मीटर. ३० अंश कलवला तर सुमारे १. आणि कडाही तिरक्या केल्या तरी १ च. १० गिगाहर्ट्झला कलवण्याने चौदा हजारपट फायदा झाला होता, इथे तिप्पट. पत्रा तरंगलांबीपेक्षा लहान असताना हे सूत्र ढोबळ ठरतं, पण रोख बरोबर दाखवतं: एवढ्या लांब तरंगाला कल, कड, दाते यांतला फरक कळत नाही. उलट शेपटीसारखे एक-दोन मीटरचे भाग त्या तरंगलांबीशी जुळून अनुनाद देतात आणि जास्तच दिसतात.

लेपही इथे कामाचा नाही. पाव तरंगलांबी म्हणजे अर्धा मीटर. एवढी जाडी लढाऊ विमानाला कुठून आणणार? बी-२ सारख्या मोठ्या, शेपटी नसलेल्या विमानाला यात थोडं बरं असतं, कारण तिथे छोटे सुटे भाग नाहीत आणि कडांमध्ये खोली आहे.

तसं असेल तर ती रडारं वापरून विमान पाडता का येत नाही?

कारण दिसणं आणि नेम धरता येणं वेगळं. झोताची रुंदी तरंगलांबी भागिले अँटेनाची रुंदी अशी ठरते. २ मीटरच्या तरंगाला १० मीटरची अँटेना दिली तरी झोत ११-१२ अंशांचा पडतो, म्हणजे ५० किलोमीटरवर दहा किलोमीटर रुंद. ‘तिकडे कुठेतरी काहीतरी आहे’ एवढं कळतं. क्षेपणास्त्राला सेंटीमीटर तरंगलांबीच्या रडारची अचूकता लागते, आणि तिथेच स्टेल्थ सर्वांत प्रभावी आहे.

पण तेवढ्या ढोबळ माहितीचाही उपयोग होतो, हे नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या काळात, २७ मार्च १९९९ ला सर्बियात दिसलं. युगोस्लाव्ह सैन्यातले अधिकारी झोल्तान दानी यांच्या हाताखालच्या तुकडीने बुदानोव्त्सी गावाजवळ एक एफ-११७ पाडलं. सुगावा दिला पी-१८ या सुमारे दोन मीटर तरंगलांबीच्या टेहळणी रडारने. मग जुन्या एस-१२५ या क्षेपणास्त्र यंत्रणेचं सेंटीमीटर तरंगाचं रडार मोजके सेकंद चालू करून नेम धरला गेला, तेव्हा विमान अवघ्या तेरा किलोमीटरच्या आसपास होतं. चौथ्या मुळाचं गणित आठवा: लपलेलं विमानही पुरेसं जवळ आलं की दिसतंच. ते एवढं जवळ आलं कारण मोहिमांचे मार्ग पुन्हा पुन्हा तेच होते आणि तुकडी त्या वाटेवर दबा धरून बसली होती. शिवाय त्या रात्री शत्रूच्या रडारना गोंधळात टाकणारी विमानं सोबतीला नव्हती.

शांततेच्या काळात ही विमानं प्रवासी वाहतुकीच्या रडारला दिसतात का?

दिसावीत याची मुद्दाम सोय करतात. विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर चालू असतोच, शिवाय एफ-२२ आणि एफ-३५ च्या अंगावर प्रतिध्वनी वाढवणारी छोटी भिंगं बसवतात. यात अपघात टळतो, आणि दुसराही हेतू साधतो: आसपासच्या कोणाच्या रडारला विमानाचा खरा आरसीएस मोजता येत नाही. फोटोत पाठीवर किंवा पोटावर मुठीएवढा फुगवटा दिसला, तर ते विमान त्या दिवशी लपायला निघालेलं नव्हतं.